सालगड्याच्या धान्याचा हिशेब

सालगड्याचा ठराव वर्षाचा असतो. विदर्भ-मराठवाड्यात तो बहुधा गुढीपाडव्याला होतो. रोख रक्कम ठरते आणि कित्येक ठिकाणी तिच्यासोबत ज्वारी, गहूही ठरतात. अशा गड्याची महिन्याची खरी कमाई काढायची, तर रोखीत धान्याची किंमत मिळवावी लागते आणि ती किंमत कोणत्या भावाने धरली यावर उत्तर बरेच बदलते.

समजा, ठराव ९०,००० रुपये, ६ क्विंटल ज्वारी आणि २ क्विंटल गहू असा आहे. रोखीचे महिन्याला ७,५०० रुपये होतात. मालक धान्याला बाजार समितीचा भाव लावतो: ज्वारी ३० रुपये किलो, गहू २७. धान्याचे २३,४०० रुपये, म्हणजे महिन्याला १,९५० होतात आणि एकूण कमाई ९,४५० भरते.

पण गडी धान्य विकायला नेत नाही, घरी खातो. ते मिळाले नसते, तर त्याला गावच्या दुकानातून ज्वारी ४० आणि गहू ३६ रुपये किलोने आणावे लागले असते. या भावाने धान्य ३१,२०० रुपयांचे, म्हणजे महिन्याला २,६०० चे ठरते. कमाई १०,१०० होते. खाण्याच्या धान्याला दुकानाचाच भाव योग्य आहे. १९४८ च्या किमान वेतन कायद्याखालील केंद्रीय नियमांतही वस्तुरूप मजुरीची किंमत काढताना जवळच्या बाजारातील किरकोळ भाव विचारात घ्यावा, असे सांगितले होते. घरखर्चाहून उरलेले धान्य गड्याने विकले, तर तेवढ्यापुरते हाती आलेले पैसेच धरावेत.

भावाइतकेच वजन आणि प्रत महत्त्वाची. पायली हे आकारमानाचे माप आहे. एकाच पायलीत ज्वारीचे आणि गव्हाचे वजन सारखे भरत नाही, शिवाय पायलीही प्रदेशागणिक बदलते. म्हणून ठराव पायलीत असला, तरी धान्य काट्यावर तोलून किलोत लिहावे. वरच्या ज्वारीत क्विंटलमागे ५ किलो माती-खडे निघाले, तर खाण्याजोगी ५७० किलोच उरते. वर्षाला १,२०० रुपये कमी होतात आणि महिन्याची कमाई १०,००० वर येते. डागी किंवा पावसात भिजलेल्या ज्वारीला चांगल्या ज्वारीचा भाव लावणे म्हणजे गड्याची मजुरी कापणेच.

धान्य सुगीला एकदम मिळाले, तर ते त्या महिन्याचे उत्पन्न धरू नये, बारा महिन्यांत वाटावे. भाव मात्र धान्य हाती पडले त्या दिवसाचा लिहावा. पुढे ज्वारी महागली, तरी ठरलेली मजुरी त्यामुळे वाढत नाही. पाडव्याला घेतलेली उचलही कमाईतून वजा होत नाही, कारण ती आधी घेतलेली मजुरीच असते.

ठराव करतानाच धान्याची प्रत, किलोतले वजन आणि देण्याचा महिना कागदावर लिहून दोघांनी सही किंवा अंगठा करावा.