एका कानात आवाज कमी येतोय?

गाणं लावलं की उजवा बड खणखणीत वाजतो आणि डाव्यातून कुणीतरी शेजारच्या खोलीत गातंय असं वाटतं. अशा वेळी नवे बड शोधण्याआधी दोन्ही बड अदलाबदल करून कानाशी धरा. डावा बड उजव्या कानातही मंदच वाजला, तर दोष बडच्या बाजूचा आहे. पण उलट, एरवी चांगला वाजणारा उजवा बड डाव्या कानात मंद वाटला, तर अडचण कानातच आहे आणि बड कितीही पुसला तरी फरक पडणार नाही.

दोष बडच्या बाजूचा निघाला, तर आधी फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये डावी-उजवी पट्टी मधोमध आहे ना ते बघा. चुकून बोट लागून ती सरकलेली असू शकते. ती ठीक असेल तर सिलिकॉनची टिप काढा आणि आतली जाळी उजेडात धरून पाहा. कानातला मळ अंगाच्या उबेने मऊ होतो, जाळीच्या बारीक छिद्रांत शिरतो आणि तिथेच वाळतो. आवाजाची वाट अरुंद झाली की बहुधा तीक्ष्ण स्वर आधी हरवतात. म्हणून नुसता आवाज कमी होत नाही, शब्दही पुसट ऐकू येतात.

टिप कोमट पाण्यात सौम्य साबणाचा थेंब टाकून धुवा आणि पूर्ण वाळू द्या. ओली टिप लगेच चढवली तर पाणी जाळीत उतरतं. फोमची टिप मात्र भिजवू नका, ओलसर फडक्याने पुसा. खराब झाली असेल तर सरळ बदला.

जाळीला पाणी लावू नका. बड उलटा धरा, जाळी जमिनीकडे, आणि कोरड्या, मऊ केसांच्या लहान ब्रशने हलक्या हाताने झाडा, म्हणजे सुटलेला मळ खाली पडेल. जाळी वर ठेवून घासणं ही नेहमीची चूक: तो मळ आत, स्पीकरवर जातो. सुई, टाचणी, टूथपिक यांनी जाळी फाटते किंवा दबते, तर फुंकर मळ आणखी आत ढकलते. स्वच्छता झाल्यावर टिप लावून पुन्हा ऐका. जाळी स्वच्छ दिसूनही आवाज मंदच असेल, तर बिघाड आतला आहे. मग दुरुस्तीवाल्याकडे जा.

आणि कानातच मळ असल्याचं दिसलं, तर काडी घालून उकरू नका, तो आणखी आत सरकतो. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून काढून घ्या. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं असेल, तर ते मळामुळेच असेल असं गृहीत धरू नका; त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.