मागायचे किती, सोडायचे किती

कोथरूडमधला मावशीचा दोन बेडरूमचा फ्लॅट विकायचा ठरला, तेव्हा घरात पहिला आकडा आला तो ९५ लाखांचा. मामेभावाने मोबाइलवर जाहिराती चाळल्या, समोरच्या गल्लीतला ‘अगदी असाच’ फ्लॅट ९५ लाखांना लागलेला त्याला दिसला आणि तो आकडा सगळ्यांच्या डोक्यात घर करून बसला. मावशीने तर त्यातले किती बँकेत ठेवायचे, किती धाकट्याला द्यायचे हेही ठरवून टाकले. दोन दिवसांनी त्या इमारतीच्या वॉचमनशी बोलले तेव्हा कळले, की तो फ्लॅट सात महिने तसाच पडून आहे.

जाहिरातीतली किंमत ही विकणाऱ्याची इच्छा असते. व्यवहार कितीला झाला, हे दस्त नोंदवताना लिहिले जाते आणि महाराष्ट्रात ते कोणालाही पाहता येते. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च नावाची सोय आहे. वर्ष, जिल्हा, तालुका, गाव आणि सर्व्हे नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर भरला, की त्या मिळकतीवर नोंदलेल्या दस्तांची यादी समोर येते. सर्व्हे नंबर आपल्या करारनाम्यात असतोच. प्रत्येक दस्ताचा गोषवारा म्हणजे सूची क्रमांक दोन, ज्याला सगळे ‘इंडेक्स टू’ म्हणतात. त्यात दस्ताचा प्रकार, मोबदला, बाजारभाव, क्षेत्रफळ, दोन्ही पक्षकार आणि तारखा असतात.

मी एका रविवारी मावशीच्या आसपासच्या इमारतींचे गेल्या वर्षभरातले इंडेक्स टू काढून बसले. वाचायला सोपे, पण फसायला त्याहून सोपे असे हे कागद असतात.

पहिली फसगत क्षेत्रफळाची. पलीकडच्या २००८ च्या इमारतीतला एक फ्लॅट ८८ लाखांना गेला होता आणि क्षेत्रफळ होते ७२.४६ चौरस मीटर. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट, म्हणून हे झाले ७८० चौरस फूट. भागाकार केला तर फुटाला सुमारे ११,२८० रुपये. पण खालच्या ओळीत ‘बिल्टअप’ असे लिहिले होते. मावशीचा फ्लॅट आम्ही टेप लावून मोजला होता, तो ६१० फूट कार्पेट. बिल्टअपचा दर कार्पेटला लावला असता, तर आम्ही तिचे काही लाख हातचे घालवले असते. जुन्या इमारतीत बिल्टअप साधारण कार्पेटच्या १.२ पट धरतात. म्हणजे तो फ्लॅट ६५० कार्पेटचा आणि खरा दर १३,५४०. बिल्डरच्या जुन्या पत्रकातला ‘सेलेबल’ एरिया तर हिशेबातच घेऊ नये. मावशीच्या पत्रकात तो ८०० फूट होता.

दुसरी फसगत मोबदल्याची. एक फ्लॅट अवघ्या ५२ लाखांना गेलेला दिसला. नीट पाहिले तर देणार आणि घेणार दोघांचे आडनाव एकच. घरातल्या घरात झालेला व्यवहार, त्यावरून बाजाराचा अंदाज बांधता येत नाही. बँकेने लिलावात विकलेल्या घराचेही तसेच. आणखी एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. इंडेक्स टू मधला ‘बाजारभाव’ हा रेडी रेकनरवरून, म्हणजे सरकारच्या वार्षिक मूल्यदर तक्त्यावरून काढलेला, मुद्रांक शुल्कासाठीचा आकडा असतो. मोबदला त्याच्याशी जवळजवळ रुपयाला रुपया जुळत असेल, तर कागदावर कमी दाखवून बाकीची रक्कम रोखीने फिरली असण्याची शंका घ्यावी आणि तो व्यवहार बाजूला ठेवावा. तसे करणे बेकायदा आहेच. मिळकतीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घ्यायला प्राप्तिकर कायद्याची मनाई आहे. पण होत असते, आणि अशा कागदावरून भाव काढला तर आपण आपल्याच घराची किंमत पाडतो.

चाळून झाल्यावर तीनच व्यवहार उरले. तीन पुरतात, फक्त ते आपल्या घराच्या जवळचे हवेत. पुढचे आकडे समजायला सोपे जावेत म्हणून थोडे गोल केले आहेत.

मावशीचा फ्लॅट १९९७ च्या तीन मजली इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, गाडीला झाकलेली जागा आहे. तिच्याच सोसायटीतला वरच्या मजल्यावरचा, तेवढाच फ्लॅट अकरा महिन्यांपूर्वी ७३ लाख २० हजारांना गेला होता, म्हणजे फुटाला १२,०००. दोन इमारती सोडून पहिल्या मजल्यावरचा ५९० फुटांचा फ्लॅट पाच महिन्यांपूर्वी ७५ लाख ५० हजारांना, म्हणजे फुटाला सुमारे १२,८००. त्याला पार्किंग नव्हते. आणि तिसरा तो लिफ्टवाला, १३,५४० चा.

आता या तिन्ही दरांना मावशीच्या घरापर्यंत आणायचे. विकलेले घर आपल्यापेक्षा उणे असेल तर त्याच्या दरात भर घालायची, सरस असेल तर वजावट करायची. वरच्या मजल्यावरच्या घराला लिफ्टशिवाय तीन जिने चढावे लागतात आणि पावसाळ्यात स्लॅब गळतो, म्हणून त्यात तीन टक्के वाढवले. मधल्या काळात भाव किती चढले? सोसायटीतलेच दोन सारखे फ्लॅट दोन वर्षांच्या अंतराने विकले गेले होते आणि त्यांच्यात आठ टक्क्यांचा फरक होता, म्हणून वर्षाला चार टक्के धरले. असे करून १२,००० चे सुमारे १२,८४० झाले. पहिल्या मजल्यावरच्या घरातून चढण कमी असल्याचे दोन टक्के वजा, पार्किंगपोटी फुटाला २५० ची भर, पाच महिन्यांची थोडी वाढ. तो दर १३,००० च्या आसपास आला. लिफ्ट आणि अकरा वर्षे नवी इमारत यांचे आठ टक्के वजा केल्यावर तिसरा १२,४६० वर उतरला.

यातले टक्के कुठल्या पुस्तकात सापडत नाहीत. ते त्या गल्लीत घरे विकणाऱ्या दोन एजंटांना आणि सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारून ठरवावे लागतात. मी एवढे पाळते, की ज्या घराच्या दरात सर्वांत जास्त फेरफार करावा लागला, त्याला सर्वांत कमी मान द्यायचा. म्हणून आम्ही पहिल्या दोघांकडे झुकून १२,८५० धरले. ६१० फुटांचे झाले सुमारे ७८ लाख ४० हजार, आणि तिन्ही मिळून पट्टा ७६ ते ७९ लाखांचा. त्याच सोसायटीचा पुनर्विकासाचा करार झालेला असता, तर हे गणित मोडले असते. मग खरेदीदार जुन्या घराचे नव्हे तर पुढे मिळणाऱ्या वाढीव जागेचे पैसे मोजतो.

प्लॉटला रीत हीच, पण चौकशी वेगळी. तिथे क्षेत्रफळाइतकाच समोरच्या रस्त्याची रुंदी, प्लॉटची दर्शनी लांबी आणि बिगरशेतीची परवानगी यांवर दर हलतो. शेजारच्या दोन प्लॉटांत एक कोपऱ्यावरचा असला तरी फरक पडतो.

आता मागायचे किती? मावशी म्हणाली, “अगं, लोक घासाघीस करणारच. आपण दहा लाख चढवून सांगू.” मी तिला विचारले, की या तीन घरांचे मागणे किती होते? पहिल्या मजल्यावरच्यांनी ८० मागितले आणि साडेपंचाहत्तरला दिले, हे एजंटाकडून समजले; म्हणजे साडेपाच टक्क्यांच्या जवळपास सोडले. सोसायटीतल्यांनी ७६ मागून ७३ लाख २० हजारांना दिले, म्हणजे चार टक्क्यांहून कमी. या गल्लीची घासाघीस चार ते सहा टक्क्यांची आहे, तर आपणही तेवढीच जागा ठेवायची. ७८ लाख ४० हजारांवर ती धरली की ८२ च्या आसपास येतो. आम्ही ८२ ठेवले.

दहा लाख चढवले असते तर काय झाले असते? खरेदीदार आधी आपल्या बजेटच्या पट्ट्यात घरे शोधतो. ८० च्या आसपास घर शोधणाऱ्याला ८८ चे घर दिसतच नाही आणि ८८ पर्यंत जाऊ शकणारा माणूस लिफ्ट असलेली इमारत बघतो. शिवाय ७८ लाखांच्या घरावर पुण्यात सात टक्क्यांप्रमाणे ५ लाख ४६ हजार मुद्रांक शुल्क आणि वर ३० हजार नोंदणी शुल्क त्याच्याच खिशातून जाते; खरेदी स्त्रीच्या नावावर असेल तर एक टक्का सुटतो. त्याच्या मनात घराची किंमत ही सगळे धरून असते. त्याला कर्ज हवे असेल तर बँकेचा मूल्यमापकही येऊन घर पाहतो आणि त्याने कमी आकडा दिला तर ठरलेला भाव तिथेच अडतो.

मागणे चुकले की नाही, हे चार-सहा आठवड्यांत कळते. फोनच येत नसतील, तर आकडा पट्ट्याबाहेर आहे. घर बघायला माणसे येतात पण कोणी भाव बोलत नाही, तर घरात काहीतरी खुपते आहे किंवा आकडा थोडा जड आहे. तीन वेगवेगळ्या माणसांनी ७४-७५ सांगितले, तर आपण आपले तीन व्यवहार पुन्हा तपासावेत. त्यात बिल्टअप-कार्पेटचा घोळ हमखास सापडतो. आणि पहिल्याच शनिवारी दोघे-तिघे ८२ ला तयार झाले असते, तर आम्हीच कमी सांगितले असे समजायचे.

मावशीकडे पाचव्या आठवड्यात एक जोडपे आले. त्यांनी ७५ सांगितले. मावशीने लगेच ७८ म्हणायची तयारी केली होती, मी तिचा हात दाबला. पहिल्याच फेरीत सगळी जागा देऊन टाकली, की समोरचा तिथून पुढे खाली ओढायला लागतो. आम्ही ८१ वर आलो. ते ७७ वर आले. तेव्हा मी तीनही इंडेक्स टू त्यांच्यासमोर ठेवले आणि कुठल्या घरात काय वाढवले, काय वजा केले ते सांगितले. त्या बाईंनी पहिल्या मजल्यावरच्या घराचा कागद उचलून विचारले, “इथे पार्किंग नव्हते, हे तुम्हाला कसे कळले?” सेक्रेटरींचा फोन लावून दिला. त्या स्वतः बोलल्या. ते ७८ म्हणाले, आम्ही ७९ म्हणालो.

त्यापुढे रुपये हलले नाहीत, अटी हलल्या. त्यांना मुलीच्या शाळेसाठी मेअखेर ताबा हवा होता आणि मावशीला जूनपर्यंत राहायचे होते. तिने ताबा महिनाभर आधी द्यायचे कबूल केले, बेडरूममधली दोन कपाटे आणि स्वयंपाकघरातली चिमणी तशीच सोडली, आणि त्यांनी ७८ लाख ५० हजार मान्य केले. बँकेच्या माणसाचे मूल्यमापन ७८ लाखांचे आले. कर्ज अडले नाही.