Explainer: इन्सुलिनचा पत्ता 'कट' झाला नाही तर?

पेशीत तयार होणारं प्रथिन नेमक्या जागी कसं पोहोचतं? पत्ता त्याच्या अंगावरच असतो. इन्सुलिनचं उदाहरण घ्या. स्वादुपिंडातल्या बीटा पेशींत आधी 110 अमिनो आम्लांची साखळी बनते. तिची पहिली 24 अमिनो आम्लं म्हणजे पत्ता, अर्थात 'सिग्नल पेप्टाइड'.

हा पत्ता ओळखला गेला, की साखळी 'एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम' या कप्प्यात शिरते. तिथे एक विकर पत्त्याचा तुकडा कापून टाकतं. उरलेल्या साखळीला योग्य घडी पडते आणि त्यातूनच पुढे इन्सुलिन तयार होतं.

मग बिघडतं कुठे? काही बाळांत जनुकीय बदलामुळे 24व्या जागी अ‍ॅलानिनऐवजी अ‍ॅस्पार्टिक आम्ल येतं. साखळी कप्प्यात पोहोचते, पण पत्ता नीट कापला जात नाही. घडी चुकते, बिघडलेला माल साचतो आणि बीटा पेशी निकामी होतात. जनुकाची दुसरी प्रत चांगली असूनही बाळाला मधुमेह होतो.

म्हणूनच पहिल्या सहा महिन्यांत मधुमेह आढळला, तर 'टाइप 1' गृहीत न धरता जनुकीय चाचणी करतात. कारण काही जनुकीय प्रकारांत गोळ्यांवर भागतं. या बदलात मात्र इन्सुलिनच द्यावं लागतं.