करारातली भाडेवाढ आणि बजेटमधला महिना

ऑफिसच्या भाडेकरारातले भाडेवाढीचे कलम बहुधा दोन ओळींचे असते. दर बारा महिन्यांनी भाडे 5 टक्क्यांनी वाढेल, किंवा पहिल्या छत्तीस महिन्यांनंतर 15 टक्क्यांनी वाढेल, असे त्यात लिहिलेले असते. पुढच्या चार-पाच वर्षांचे बजेट करताना ही टक्केवारी सगळ्यांच्या लक्षात राहते. चूक होते ती वाढ कोणत्या महिन्यापासून लागू होणार आणि कोणत्या रकमेवर मोजायची, या दोन बाबतींत.

पुण्यातल्या एखाद्या मध्यम कंपनीचे काल्पनिक उदाहरण घेऊ. तिने 4,000 चौरस फुटांचे ऑफिस दर महिना 75 रुपये चौरस फूट या दराने साठ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर घेतले. मासिक भाडे 3,00,000 रुपये. करार 1 जुलै 2025 पासून सुरू झाला. फर्निचर आणि वायरिंगसाठी मालकाने पहिले तीन महिने भाडे माफ केले, म्हणजे भाडे सुरू झाले 1 ऑक्टोबरला. वाढ दरवर्षी 5 टक्के. येथील चौरस फूट हे करारात भाडे आकारणीसाठी धरलेले क्षेत्रफळ आहे, प्रत्यक्ष वापरायची जागा त्याहून कमी असते. बजेटला मात्र करारातलाच आकडा लागतो.

आर्थिक वर्ष एप्रिलपासून मोजले जाते आणि ही वाढ ऑक्टोबरमध्ये येते, त्यामुळे वाढीच्या प्रत्येक वर्षाचे दोन तुकडे पडतात. 2026-27 मध्ये सहा महिने जुन्या 3,00,000 ने आणि सहा महिने नव्या 3,15,000 ने, असे 36,90,000 रुपये लागतात. घाईत केलेल्या बजेटमध्ये 5 टक्के थेट एप्रिलपासून लावलेले आढळतात. मग आकडा 37,80,000 होतो, म्हणजे 90,000 रुपये जास्त. याच्या उलट चूकही होते. मार्चमध्ये जे भाडे चालू आहे तेच बाराने गुणले, की ऑक्टोबरची वाढ बजेटमधून पूर्ण निसटते. दोन्ही चुका टाळायचा मार्ग एकच. वर्षाचा आकडा वर्षावरून न काढता महिन्यांची यादी मांडायची, प्रत्येक महिन्याचे भाडे त्याच्यासमोर लिहायचे आणि मग एप्रिल ते मार्चची बेरीज घ्यायची. एक्सेलमध्ये मूळ भाडे B1 मध्ये, वाढीचा दर B2 मध्ये, वाढ मोजायची सुरुवातीची तारीख B3 मध्ये आणि महिन्याची पहिली तारीख A6 मध्ये असेल, तर सूत्र असे होते:

```
=$B$1*(1+$B$2)^INT(DATEDIF($B$3,A6,"m")/12)
```

हे सूत्र भाडे सुरू झाल्यानंतरच्या महिन्यांसाठी आहे, माफीच्या महिन्यांसमोर शून्य लिहावे. पुढे दर बदलला तर एकच खाना बदलावा लागतो.

B3 मध्ये कोणती तारीख टाकायची, हा प्रश्न दिसतो त्याहून महाग आहे. कराराची सुरुवात जुलैमध्ये आणि भाड्याची ऑक्टोबरमध्ये आहे. कलमात नुसते ‘दर बारा महिन्यांनी’ एवढेच असेल, तर मालक पहिली वाढ 1 जुलै 2026 ला मागू शकतो आणि भाडेकरू 1 ऑक्टोबर म्हणू शकतो. जुलै धरला तर 2026-27 चे भाडे 37,35,000 होते, म्हणजे ऑक्टोबरच्या हिशेबापेक्षा 45,000 रुपये जास्त, आणि ही तफावत पुढे दरवर्षी थोडी वाढत जाते. भाडे माफ असलेल्या काळाची थोडी किंमत मालकाने अशा रीतीने परत वसूल केलेली असते. याचा निकाल बजेट करणाऱ्याने मनाने लावू नये. करारात तारीख स्पष्ट नसेल तर ती सही होण्याआधी घालून घ्यावी, आणि सही झालेली असेल तर मालकाकडून लेखी घ्यावी.

दुसरी बाब वाढीच्या पायाची. ‘मागील भाड्यावर’ असे शब्द असतील तर वाढ चक्रवाढ पद्धतीने होते आणि पाचव्या वर्षी मासिक भाडे सुमारे 3,64,652 रुपये होते. ‘मूळ भाड्यावर’ असे असेल तर ते 3,60,000 वर थांबते. तीन वर्षांनी 15 टक्के हा पर्याय वर्षाला 5 टक्क्यांसारखाच वाटतो, पण तो भाडेकरूला बराच स्वस्त पडतो. भाड्याची पूर्ण पाच वर्षे धरली तर पहिल्या पद्धतीत 1,90,80,000 आणि दुसऱ्या पद्धतीत सुमारे 1,98,92,000 रुपये जातात, कारण पहिल्या तीन वर्षांत भाडे हलतच नाही. अशा करारात दरवर्षी 5 टक्के धरून ठेवणे ‘सावधगिरी’ म्हणून केले जाते. प्रत्यक्षात त्याने आधीची वर्षे फुगतात आणि वाढ खरोखर येते त्या वर्षी ती कुणाला दिसत नाही.

आता बजेट रोकडीचे की खर्चाचे, हा प्रश्न येतो. वरचे सगळे आकडे बँकेतून जाणाऱ्या पैशाचे आहेत. जी कंपनी इंड एएस पाळत नाही तिला एएस 19 लागू होते. या मानकानुसार साध्या भाडेकराराचा एकूण खर्च सर्वसाधारणपणे कराराच्या सर्व महिन्यांत समान वाटला जातो, माफीचे महिनेही त्यात येतात. आपल्या उदाहरणात ऑक्टोबरची तारीख धरून जून 2030 पर्यंत एकूण भाडे सुमारे 1,87,98,000 रुपये होते. ते साठने भागले की महिन्याला 3,13,305 रुपये. म्हणून 2025-26 च्या नफा-तोटा पत्रकात नऊ महिन्यांचा सुमारे 28,20,000 रुपये खर्च दिसतो, तर हातातून जातात फक्त 18,00,000. शेवटी चित्र उलटते. 2029-30 मध्ये खर्च सुमारे 37,60,000 आणि रोकड सुमारे 42,72,000. विभागप्रमुखाला एक आकडा आणि बँकेकडे पाहणाऱ्याला दुसरा आकडा दिला गेला, तर दर तिमाहीला तोच वाद उकरला जातो. म्हणून बजेटमध्ये दोन्ही ओळी शेजारी ठेवणे बरे. इंड एएस 116 लागू असलेल्या कंपनीत तर अशा करारासाठी भाडे नावाची ओळच खर्चातून जाते आणि तिच्या जागी घसारा व व्याज येते, तरी रोकडीची यादी तीच राहते.

भाड्याबरोबर चालणाऱ्या रकमांनाही भाडेवाढ आपोआप लागू करू नये. देखभाल खर्चाचे कलम वेगळे असते आणि त्याची वाढ अनेकदा प्रत्यक्ष खर्चावर ठरते. भाड्यावर 18 टक्के जीएसटी लागतो. कंपनीला त्याचे क्रेडिट पूर्ण मिळत असेल तर तो खर्च नव्हे, पण मिळत नसेल, जसे बहुतेक रुग्णालयांत, तर वाढीव भाड्यावरचा करही खर्चात धरावा लागतो. टीडीएस भाड्यातूनच कापला जातो, तो वर मिळवायचा नाही. काही करारांत भाडे वाढले की अनामतही त्या प्रमाणात वाढवून द्यावी लागते. ती खर्चाच्या ओळीत येत नाही, पण ऑक्टोबरच्या रोकडीत खड्डा पाडते.

यादी नीट झाली की नाही, हे टक्केवारीवरून लगेच कळते. दरवर्षी 5 टक्के वाढीच्या करारात, पूर्ण भाड्याचे पहिले आर्थिक वर्ष सोडले तर पुढच्या प्रत्येक वर्षाची बेरीज आधीच्या वर्षाच्या बरोबर 5 टक्के जास्त यायला हवी: 36,90,000 नंतर 38,74,500 आणि मग 40,68,225. तीन वर्षांनी 15 टक्क्यांच्या करारात वाढ ऑक्टोबर 2028 ला आली, तर 2028-29 मध्ये 7.5 टक्के आणि 2029-30 मध्ये सुमारे 7 टक्के वाढ दिसते, त्याआधी शून्य. वेगळा आकडा आला, तर बहुधा तारखेचा खाना चुकलेला असतो.

जून 2030 नंतरच्या महिन्यांना हा हिशेब लागू नाही. तेथे भाडे करारातून येत नाही, बाजारभावातून येते. म्हणून त्या ओळी वेगळ्या रंगात ठेवून दर ‘अंदाज’ म्हणूनच लिहावा, आणि ऑफिस सोडावे लागल्यास फर्निचर काढून जागा पूर्ववत करून देण्याचा खर्चही त्याच ओळींखाली मांडावा.