चेंबरचा तळ

सोसायटीत सांडपाणी तुंबलं की झाकण उघडतात, बांबूची पट्टी मारतात आणि पाणी सरकलं की झाकण पुन्हा लावतात. आठवडाभरात तेच चेंबर परत भरतं. दोष बहुधा बायकांनी टाकलेल्या भातावर जातो. चेंबरचा तळ मात्र कुणी पाहत नाही.

पुष्कळ चेंबरांचा तळ नुसता सपाट असतो. पाइपातून वेगानं आलेलं पाणी तिथं पसरतं, पसरलं की मंदावतं आणि त्याच्याबरोबरचा मळ खाली बसतो. म्हणून तळात पाइपाइतक्याच रुंदीची नाली घडवायची असते. तिचा खालचा भाग अर्धगोल, वरच्या कडा उभ्या आणि पाइपाच्या माथ्यापर्यंत आणलेल्या. पाण्याला आपण पाइपातून बाहेर आलो हे कळताच कामा नये. बाजूची जोडनाली काटकोनात आदळू न देता प्रवाहाच्या दिशेनं वळवून मिळवायची.

नालीच्या दोन्ही बाजूंचा काँक्रीटचा उतार म्हणजे बेंचिंग. उतार साधारण दहास एक, म्हणजे ३० सेंटीमीटर रुंदीला ३ सेंटीमीटर. याहून सपाट असेल तर घाण साचून राहते, फार तीव्र असेल तर सफाईच्या वेळी पाय ठरत नाही. वर सिमेंट घोटून गुळगुळीत केलेलं हवं. गवंडी नेमका इथंच कंटाळतो.

आता एक उदाहरण घेऊ. मुख्य चेंबरची नाली जमिनीखाली १.८ मीटरवर आहे आणि मागच्या इमारतीची लाइन १ मीटर खोलीवर येते. फरक ८० सेंटीमीटरचा. लाइन तशीच भिंतीतून आत सोडली तर मैला उंचावरून बेंचिंगवर आपटतो, भिंतीवर उडतो आणि तिथंच वाळतो. फरक ६० सेंटीमीटरहून जास्त असेल तर चेंबरच्या बाहेर टी बसवून उभा पाइप खाली आणतात, त्याभोवती काँक्रीट भरतात आणि तळाशी बेंड देऊन तो नालीत सोडतात. टीचं सरळ तोंड भिंतीतून आत आणून त्याला टोपण लावतात. लाइन तुंबली तर पट्टी तिथूनच घालायची. फरक कमी असेल तर नालीलाच उतार देऊन भागतं.

काँक्रीटच्या झाकणावर अक्षरं असतात: एलडी २.५, एमडी १०, एचडी २०. आकडा टनांचा. पाण्याचा टँकर जिथून वळतो तिथं पायवाटेचं एलडी झाकण लावलं तर त्याला भेगा जाणारच. चौकट मसाल्यात नीट बसलेली नसेल तर भक्कम झाकणही चाकाखाली खडखडतं आणि कडेनं फुटतं.

पुढच्या वेळी झाकण उघडलं की वरूनच बघा, आत विषारी वायू असतो, उतरू नका. बेंचिंगवर चारी बाजूंनी सारख्या उंचीची घाणीची रेघ असेल तर पाणी पुढच्या लाइनीत अडलंय. एकाच पाइपाच्या तोंडाखाली ढीग असेल, तर तिथला उभा पाइप बसवायचाच राहून गेलाय.