हळदीच्या पट्ट्या: प्रयोगांच्या पेटीतली पहिली वस्तू

एक चमचा हळदीत पाणी घालून सरबरीत लेप करा. टीपकागदाला दोन्ही बाजूंनी लावून सावलीत वाळवा आणि बोटभर पट्ट्या कापा. त्या झाकणाच्या डब्यात ठेवा, कारण उन्हात हळदीचा रंग उडतो. डाग पडणारच, तेव्हा मुलांना जुना शर्ट घालूनच बसवा.

आता एका वाटीत कपड्यांच्या साबणाचं पाणी, दुसरीत खायचा सोडा विरघळवलेलं पाणी, तिसरीत लिंबाचा रस घ्या. साबणात पट्टी विटकरी लाल होते. सोडा सौम्य, त्यामुळे रंग जेमतेम तांबूस होतो. लिंबात पट्टी पिवळीच राहते. मात्र लाल पट्टीवर लिंबू पिळलं की ती पुन्हा पिवळी होते. मुलं इथेच रमतात.

अडचण एकच: साध्या पाण्यातही पट्टी पिवळीच राहते. म्हणजे हळद फक्त अल्कली ओळखते, आम्ल नाही. त्यासाठी लाल जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात भिजवून पाणी गाळून घ्या. त्यात लिंबू पडलं की गडद गुलाबी रंग येतो, सोडा पडला की हिरवट. गरम पाणी मोठ्यांनीच ओतावं. खायचा चुना पेटीत नको. डोळ्यात गेला तर इजा होते.