होडीतल्या सहा तलवारी

देवरुखजवळच्या आमच्या घराचं काय करायचं, हा प्रश्न दोन वर्षं आमच्या जेवणाच्या टेबलावर येत होता आणि दर वेळी भांडी उचलताना तिथेच राहत होता. सासरचं घर, चिऱ्याच्या भिंती, कौलारू छप्पर. सासूबाई गुडघ्यांमुळे पुण्याला आमच्याकडे राहायला आल्या, तेव्हापासून ते बंद आहे. शेवटी एका रविवारी मी नवऱ्याला म्हटलं, पत्ते मांडूया का? मी बारा-तेरा वर्षं टॅरो वाचते. त्याने त्या पत्त्यांना आजवर हातही लावला नव्हता. तो म्हणाला, "मांड. पण अर्थ तू सांगायचा नाहीस."

त्याची ही अट पुढे सगळ्यात कामाची ठरली.

दोघांनी मिळून एकाच प्रश्नावर पत्ते काढायचे, आपापलं वाचन वेगळं करायचं आणि मग ते शेजारी ठेवून बघायचं, अशी ही पद्धत आहे. पत्ते पुढचं सांगतात असं मी मानत नाही. 78 पत्त्यांतून ओळीने तीन पत्ते काढले तर 4,56,456 प्रकारे येऊ शकतात, आणि त्यातले कोणतेही आले असते तरी आम्हाला त्यांत आमचं घर दिसलंच असतं. मला रस आहे तो एकाच चित्रात दोन माणसांना काय वेगळं दिसतं, यात.

हे करायला पत्त्यांवर प्रसंग चितारलेला असावा लागतो. टॅरो पंधराव्या शतकात उत्तर इटलीत खेळाचे पत्ते म्हणून सुरू झाला. त्यातले बावीस मोठे पत्ते सोडले, तर उरलेल्या छप्पन्नांतल्या अंकांच्या पत्त्यांवर बहुतेक जुन्या संचांत नुसत्या खुणाच असत. सहा तलवारी म्हणजे नक्षीत मांडलेल्या सहा तलवारी, बस्स. त्याकडे बघून दोघांत फरक पडणार तो किती? 1909 मध्ये लंडनला रायडर प्रकाशनाने आर्थर वेट यांचा संच काढला. त्याची चित्रं पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने केली आणि त्या साध्या अंकांच्या पत्त्यांवरही तिने माणसं, घरं, पाणी, हवामान आणलं. आज दुकानात सहसा मिळतो तो हाच संच किंवा त्याच्यावर बेतलेला दुसरा एखादा.

पत्ते पिसण्याआधी प्रश्न लिहायचा, तोही दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर. दोघांचा प्रश्न एकच आहे, अशी आमची खात्री होती. मी लिहिलं होतं, "गावचं घर विकावं का?" त्याने लिहिलं होतं, "गावचं घर कसं टिकवायचं?" दोन वर्षं आम्ही एकमेकांना चुकीच्या प्रश्नाची उत्तरं देत होतो. दोघांना मान्य होईल असं वाक्य करायला वीस मिनिटं गेली. "या वर्षात घराचा निर्णय घेताना आपण दोघांनी कशाकडे बघायला हवं?" यात विकणं, टिकवणं दोन्ही बसतं, आणि हो-नाही असं उत्तर मागितलेलं नाही. हो-नाहीच्या प्रश्नावर दोघं बसली की प्रत्येक जण पत्त्याला आपल्या बाजूचा साक्षीदार करतो.

मग बसायचं कसं? समोरासमोर बसलं की एकाला सरळ दिसणारा पत्ता दुसऱ्याला उलटा दिसतो, आणि टॅरोत उलट्या पत्त्याला अनेक जण वेगळा अर्थ देतात. म्हणून एकाच बाजूला, खांद्याला खांदा लावून बसावं. उलटे पत्ते धरायचे की नाहीत, हेही आधीच ठरवावं. आम्ही ते सरळ करून घ्यायचं ठरवलं, कारण त्याला आधी चित्र नीट बघू द्यायचं होतं. पिसले मी, कापले त्याने. पहिला पत्ता मी काढला, दुसरा त्याने. तिसऱ्यासाठी पुन्हा त्याने गड्डी कापली आणि वरचा पत्ता मी उचलला. पहिला पत्ता माझ्या बाजूचा, दुसरा त्याच्या बाजूचा, तिसरा दोघांच्या मधला.

यानंतर बोलायचं नाही. प्रत्येक पत्त्यावर पाच मिनिटं आपापल्या कागदावर लिहायचं. आधी चित्रात काय दिसतं ते, अर्थ न लावता. मग या चित्रात मी कुठे आहे. शेवटी आपल्या प्रश्नाशी त्याचा काय संबंध दिसतो. पुस्तक मिटलेलं. ही शांतता फार महत्त्वाची आहे. एकाने तोंड उघडलं की दुसऱ्याला तेच दिसायला लागतं, आणि नवरा-बायकोत हे फारच लवकर होतं. वाचूनही दाखवायचं ते कागदावर लिहिलेलं, जसंच्या तसं. पत्त्यागणिक सुरुवात करणारा बदलायचा.

पहिला पत्ता होता फोर ऑफ पेंटॅकल्स. दगडी आसनावर मुकुट घातलेला माणूस, एक नाणं छातीशी कवटाळलेलं, एक मुकुटावर, दोन पायांखाली. मागे शहर. मी लिहिलं होतं, "हा घर सोडायला तयार नाही. नाण्यावरचे पाय काढले तर उठता येईल, पण काढत नाही." म्हणजे नवरा. त्याने लिहिलं होतं, "ही पैसे धरून बसलीय. दुरुस्तीला खर्च नको म्हणून." म्हणजे मी. दोघांनी त्या माणसावर समोरच्याचं नाव घातलं होतं. जोडीच्या वाचनात हे नेहमी घडतं आणि चटकन ओळखू येतं. कागदावर "मी" कमी आणि "तो", "ती" जास्त दिसले की समजावं, वाचनाच्या नावाखाली तक्रार चालली आहे. मग तो पत्ता पुन्हा लिहायचा, प्रत्येक वाक्य "मी"ने सुरू करून. दुसऱ्या खेपेला मला लिहावं लागलं की त्या घराच्या किमतीचा एक आकडा मी मनात धरून आहे आणि तो मी नवऱ्याला कधीच सांगितलेला नाही. त्याने लिहिलं, "मी घर धरलंय, पण चार वर्षांत तिथे एकदाही मुक्काम केलेला नाही."

दुसरा पत्ता सिक्स ऑफ स्वोर्ड्स. एक नावाडी उभा राहून काठीने होडी ढकलतो आहे. होडीत डोक्यावरून वस्त्र घेतलेली, वाकून बसलेली एक आकृती आणि शेजारी मूल. पुढच्या बाजूला सहा तलवारी उभ्या. होडीच्या एका बाजूचं पाणी लाटांचं, दुसऱ्या बाजूचं संथ. मला अर्थ पाठ होता: खवळलेल्या पाण्यातून शांत किनाऱ्याकडे जाणं, स्थलांतर, सुटका. मी तेच लिहिलं आणि स्वतःला नावाड्याच्या जागी ठेवलं. घरपट्टी मी भरते, सातबाऱ्यासाठी खेटे मी घालते, सुताराला फोनही मीच करते.

त्याला अर्थ ठाऊक नव्हता, म्हणून तो चित्राकडे बघत राहिला. त्याने लिहिलं, "तलवारी होडीच्या तळात रुतलेल्या दिसतात. उपसल्या तर भोकांतून पाणी आत येईल. म्हणून कुणी हात लावत नाही." आणि स्वतःला त्याने मुलाच्या जागी ठेवलं होतं. वाकलेली आकृती म्हणजे त्याची आई. वडील गेल्यावरच्या वाटण्या, काकांशी बोलणं बंद होणं, हे सगळं त्याच्यासाठी त्या घरात रुतलेलं आहे. घर विकायचं म्हणजे कागद करायला काकांना भेटणं आलं, आणि दुरुस्ती करायची तरी त्यांच्या बाजूच्या भिंतीला हात लावणं आलं. विषय निघाला की तो उठून का जातो, हे मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. मी त्याला आळस म्हणत होते.

इतकी वर्षं वाचून मला त्या पत्त्यात सुटकेपलीकडे काही दिसलं नाही, याचं वाईट वाटलं. पण जोडीने वाचताना जाणत्याचं ज्ञान आड येतं ते असं. एकाला टॅरो येतो आणि दुसऱ्याला नाही, तर न येणाऱ्याचं दोनदा ऐकावं.

कागद शेजारी ठेवले की तीन गोष्टी शोधायच्या: दोघांना दिसलेलं, एकालाच दिसलेलं आणि कुणालाच न दिसलेलं. तिसरीसाठी पत्ता पुन्हा हातात घ्यावा लागतो. आम्ही घेतला, तेव्हा लक्षात आलं की होडीतली तिघंही आपल्याकडे पाठ करून आहेत. त्या वाकलेल्या बाईचा चेहराच दिसत नाही. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. घर सासूबाईंचं, आणि दोन वर्षांत त्यांना आम्ही सरळ काही विचारलंच नव्हतं. त्या शेजारच्या खोलीत होत्या.

तिसरा पत्ता आला सेव्हन ऑफ पेंटॅकल्स. कुदळीवर हात टेकून आपल्या झाडाकडे बघणारा शेतकरी, झाडाला लगडलेली नाणी. दोघांनीही लिहिलं होतं, "थांबावं." बरं वाटलं, एकमत झालं. इथेच सावध व्हायला हवं, कारण शब्द जुळले की माणसं पुढे विचारत नाहीत. मी विचारलं, "अरे, थांबायचं म्हणजे कधीपर्यंत?" माझं थांबणं होतं रस्त्याचं काम पुरं होऊन भाव चढेपर्यंत. त्याचं थांबणं होतं एक पावसाळा बघून वासे किती तग धरतात ते कळेपर्यंत. माझ्या थांबण्यात खर्च शून्य होता. त्याच्या थांबण्यात मे महिन्यात कौलं चाळून घेणं, वाळवी लागलेले वासे बदलणं आणि त्यासाठी तिथे आठवडाभर राहणं होतं. एकच शब्द, पण त्यामागचे दोन बेत एकमेकांना छेद देणारे.

मानसशास्त्रात याच्या जवळपासचा एक प्रयोग झालेला आहे. 1963 मध्ये लव्हलँड, विन आणि सिंगर या अमेरिकी संशोधकांनी रोर्शाकचे शाईचे ठसे एकेका माणसाऐवजी सगळ्या कुटुंबासमोर ठेवले आणि ठशात काय दिसतं यावर घरची माणसं आपसात कशी बोलतात, ते अभ्यासलं. टॅरो म्हणजे काही तशी चाचणी नव्हे आणि त्यावरून कुणाचं निदान करू नये. पण चित्र मधे ठेवलं की घरच्यांच्या बोलण्याची रीत उघडी पडते, हे मला माझ्या टेबलावरही दिसलं.

ज्या घरात एक जण दुसऱ्याला घाबरतो, तिथे मात्र हे अजिबात करू नये. कागदावर खरं लिहिलेलं पुढे त्याच माणसावर उगारलं जातं. आणि उत्तर आवडलं नाही म्हणून त्याच प्रश्नावर लगेच दुसरे पत्ते काढू नयेत. काढले की हवा तो पत्ता येईपर्यंत हात थांबत नाही.

त्या संध्याकाळी नवरा सासूबाईंच्या खोलीत जाऊन बसला. त्या म्हणाल्या, विका किंवा ठेवा, पण काकांना आधी मी फोन करते. तुमच्यातलं कुणी करू नका. फोन त्यांनी दुसऱ्या दिवशी केला. मे महिन्यात आम्ही तिघं आठ दिवस देवरुखला राहिलो. सुताराने अकरा वासे बदलले, कौलं चाळून झाली. काका एकदा येऊन ओट्यावर बसून गेले, आत आले नाहीत. विकायचं की नाही, ते अजून ठरलेलं नाही. ते दोन कागद तारीख घालून मी घराच्या फाइलीत सातबाऱ्याखाली ठेवले आहेत. दिवाळीनंतर ते बाहेर काढायचे आणि मगच पुढचा पत्ता उचलायचा, एवढं आम्ही ठरवलं आहे.